आत्याच्या खात्यावर भाचीची सही: मुखत्यारपत्र आणि बँकेला द्यायचं पत्र

कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात आक्का राहतात. वय ८१. मुलगा ठाण्याला नोकरीत, शेत वाट्यानं दिलेलं, उसाचं बिल आणि ठेवीचं व्याज एकाच बचत खात्यात जमा होतं. मधुमेह, गुडघे आणि गेल्या दिवाळीपासून थरथरणारा उजवा हात. भावाची मुलगी साताऱ्यात असते, दर रविवारी येते, औषधं आणते. दिवसभर सांभाळणाऱ्या बाईंचा पगार, दवाखाना, लाइट बिल हे सगळं भाची आपल्या खिशातून भरायची आणि आक्का महिन्या-दोन महिन्यांनी रिक्षा करून बँकेत जाऊन पैसे काढून तिला द्यायच्या. एकदा सही जुळली नाही म्हणून स्लिप परत आली आणि आक्का खुर्चीवर बसून रडल्या. मग मुलानं फोन केला, "काका, तुम्ही बँकेत होतात. मुखत्यारपत्र करून टाकू का?"

मी बरीच वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो आहे. तिथून दिसलेली गोष्ट अशी: लोक मुखत्यारपत्र नीट करतात किंवा अर्धवट करतात, पण त्यासोबत खातेदारानं स्वतः बँकेला लिहायचं जे पत्र असतं ते जवळजवळ कुणीच लिहीत नाही. मुखत्यारपत्रानं अधिकार मिळतो. तो अधिकार अमुक खात्यावर, अमुक माणसाला, अमुक तारखेपासून नोंदवा, हे बँकेला सांगतं ते पत्र. आक्कांच्या बाबतीत आम्ही जे केलं ते इथं क्रमानं लिहितो.

पहिलं काम: मुखत्यारपत्र खरंच लागतं का ते बघा

पुष्कळदा लागत नाही. खातेदार आजारी आहे, सही करू शकत नाही, पण अंगठा उमटवू शकतो, अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे पैसे काढण्याच्या स्लिपवर किंवा चेकवर अंगठा चालतो. बँकेला ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही उमटत नसेल तर नुसती खूणही चालते, पुन्हा तसेच दोन साक्षीदार. पैसे कोण घेऊन जाणार हे खातेदारानं सांगायचं आणि त्या माणसाची ओळख पटवून त्याची सही बँकेनं घ्यायची. दवाखान्यात दाखल असलेल्या माणसासाठी एका वेळेपुरतं हेच बरं. शिवाय ७० वर्षांवरच्या खातेदाराला घरपोच रोख देणं-घेणं अशा मूलभूत सेवा द्यायचा प्रयत्न करावा, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ साली बँकांना सांगितलं आहे. तुमच्या शाखेत ती सेवा कशी चालते ते विचारून घ्या.

दुसरा पर्याय संयुक्त खात्याचा. भाचीचं नाव खात्याला लावा, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" असं करा, की झालं, असं शेजारी सांगतात. होतं खरं, पण खातेदार गेल्यावर खात्यातली शिल्लक त्या दुसऱ्या नावाच्या हातात येते आणि तिथून भावाभावांत भांडण लागतं. मुखत्याराचं तसं नसतं. पैसे आक्कांचेच, खातं आक्कांचंच, भाची फक्त त्यांच्या वतीनं सही करणारी. वारसाहक्काला त्यानं धक्का लागत नाही. आक्कांना नेमकं हेच हवं होतं, म्हणून मुखत्यारपत्र.

एक अपवाद आधीच पाहून घ्या. खात्यात पेन्शन जमा होत असेल तर थांबा. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनाच्या बँक-योजनेत पेन्शनच्या खात्यावर मुखत्याराला व्यवहार करता येत नाहीत. चेकबुक मिळतं, ठरावीक रक्कम दुसऱ्या खात्यात पाठवण्याची कायमची सूचना देता येते, एवढंच. राज्य सरकारच्या पेन्शनरांनीही शाखेत हे आधी विचारावं. तशा घरी मी एक साधा मार्ग सुचवतो: पेन्शनचं खातं जसंच्या तसं ठेवा, त्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कम त्याच व्यक्तीच्या दुसऱ्या बचत खात्यात जाऊ द्या आणि मुखत्यारपत्र त्या दुसऱ्या खात्याचं करा. आक्कांच्या खात्यात पेन्शन नव्हती, त्यामुळे हा फाटा आम्हाला घ्यावा लागला नाही.

सही आधी दुरुस्त करा, कागद नंतर

इथं बहुतेक घरं अडकतात. मुखत्यारपत्र शाखेत गेलं की अधिकारी सर्वात आधी त्याखालची सही आपल्याकडच्या नमुना सहीशी जुळवून पाहतो. आक्कांची नमुना सही वीस वर्षांपूर्वीची, ठसठशीत. आता लिहिताना "क" चा गोळाही पुरा होत नाही. न जुळणाऱ्या सहीचं मुखत्यारपत्र म्हणजे ज्या कारणानं स्लिप परत आली त्याच कारणानं परत येणारा आणखी एक कागद, आणि या वेळी स्टॅम्प आणि नोटरीचा खर्चही वाया.

म्हणून आम्ही आक्कांना एकदाच शाखेत नेलं, सकाळी साडेदहाला, गर्दी व्हायच्या आत. पासबुक, आधार, पॅन आणि नमुना सही बदलण्याचा अर्ज. अधिकाऱ्यासमोर त्यांनी तीनदा सही केली, आज जशी येते तशी. ती नवी नमुना सही म्हणून नोंदली गेली. मग चार दिवसांनी मुखत्यारपत्र.

अंगठ्यावर का गेलो नाही, असं मुलानं विचारलं. अंगठ्याचं खातं झालं की बँका साधारणपणे चेकबुक देत नाहीत आणि पैसे काढायला खातेदारानं स्वतः यावं असा आग्रह धरतात. ज्यांना सही अजिबातच येत नाही त्यांना अंगठाच द्यावा लागतो, त्यात काही वाईट नाही. पण वाकडी का होईना, दर वेळी साधारण सारखी येणारी सही असेल तर तीच ठेवावी. अंगठा द्यायचाच असेल तर मुखत्यारपत्रावर "निशाणी डावा अंगठा" असं लिहून, तो मजकूर मराठीत वाचून दाखवला आणि त्यांना समजला, असं वाचून दाखवणाऱ्यानं आपल्या सहीनिशी लिहावं. वाचून दाखवणारा मुखत्यार स्वतः नको.

मुखत्यारपत्रात नेमकी क्रियापदं लिहा

माझ्या टेबलावर एकदा एक जाडजूड कुलमुखत्यारपत्र आलं होतं. सात पानं. जमीन, सातबारा, मोजणी, कोर्ट, वीज मंडळ, सगळं होतं आणि शेवटी "माझे सर्व व्यवहार पाहण्याचे अधिकार". बँक हा शब्द कुठंच नाही. ते परत गेलं आणि माणूस माझ्यावर चिडला. पण मुखत्यारपत्र कायद्यात काटेकोरपणे वाचलं जातं. जेवढं लिहिलंय तेवढाच अधिकार. चेकच्या बाबतीत तर चलनक्षम दस्तऐवजांचा १८८१ चा कायदाच सांगतो की धंदा सांभाळण्याचा सर्वसाधारण अधिकार मिळाला म्हणून हुंडी स्वीकारण्याचा किंवा तिच्या पाठीवर सही करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. तेव्हा पैसे काढणे, भरणे, चेक लिहिणे, चेकच्या पाठीमागे सही करणे, पासबुक भरून घेणे, ही एकेक क्रियापदं लिहायची.

तितकंच महत्त्वाचं, काय नको ते लिहायचं. आक्कांनी पहिल्या बैठकीत मर्यादा सांगितली: महिन्याला २५ हजारांच्या वर काढायचे नाहीत. ऐकायला चांगलं, पण शाखेतली संगणक यंत्रणा मुखत्याराच्या महिन्याच्या एकूण रकमेवर नजर ठेवत बसत नाही. काउंटरवरच्या क्लार्कला तर ते आठवणारही नाही, आणि मर्यादा मोडली गेली तर जबाबदारी कुणाची हा वाद उरतो. मी सांगितलं, "आक्का, रक्कम बांधू नका, खातं बांधा." म्हणजे असं. दोन ठेवी, मिळून साडेतीन लाख, यांना मुखत्यारपत्रात हात लावायचा नाही. त्यांचं व्याज दर तिमाहीला बचत खात्यात येऊ द्यायचं. बचत खात्यात साधारण पावणेदोन लाख होते, त्यातले एक लाख आक्कांनी स्वतः त्याच दिवशी तिसऱ्या ठेवीत टाकले. उरले पंचाहत्तर हजार, त्यात व्याज आणि उसाचं बिल येत राहील. भाचीच्या हातात एवढंच खातं. मर्यादा कागदावर लिहिण्यापेक्षा पैशांच्या जागेनं पाळली जाते, हा माझा अनुभव.

मुख्य परिच्छेद आम्ही असा लिहिला:

"मी लिहून देणार, माझे वरील शाखेतील बचत खाते क्रमांक ________ यापुरते, माझ्या भावाची मुलगी ________ हिला मुखत्यार नेमते. तिने माझ्या वतीने सदर खात्यात रोख रक्कम किंवा चेक जमा करावेत, स्लिपद्वारे किंवा चेकद्वारे रक्कम काढावी, चेक लिहावेत व माझ्या नावे आलेल्या चेकच्या पाठीमागे जमा करण्यासाठी सही करावी, माझे दवाखाना, औषधे, सेवा करणाऱ्या व्यक्तीचे वेतन, वीज व घरखर्च यांची देयके भागवावीत, पासबुक व खातेउतारा घ्यावा. कर्ज किंवा उचल घेणे, माझ्या खात्यावर तारण देणे, मुदतठेवी मोडणे अथवा त्यांवर कर्ज घेणे, वारस-नामांकन करणे किंवा बदलणे, खाते बंद करणे, तसेच माझी रक्कम स्वतःच्या अथवा इतर कोणाच्या नावे बक्षीस म्हणून देणे, हे अधिकार तिला नाहीत. तिने हे अधिकार दुसऱ्या कोणासही देऊ नयेत."

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. मुखत्यारानं आपला मुखत्यार नेमू नये, हे कराराच्या कायद्यातही आहे, पण लिहिलेलं बरं. "आज मला जमत नाही, नवरा सही करून देईल" हे बोलणं अशा कागदामुळे थांबतं.

स्टॅम्प आणि नोटरी

महाराष्ट्रात अशा मुखत्यारपत्रासाठी सध्या ५०० रुपयांचा मुद्रांक वापरतात. घेण्याआधी नोटरीला एकदा विचारा, दर बदलत असतात. स्टॅम्प लिहून देणाऱ्याच्या, म्हणजे आक्कांच्या नावानं घ्या. भाची घ्यायला गेली आणि भाचीच्याच नावानं घेतला, असं घडतं, आणि मग बँकेचा अधिकारी भुवया उंचावतो. स्टॅम्प घेऊन कपाटात टाकूनही ठेवू नका, विकत घेतल्यापासून सहा महिन्यांत वापरला पाहिजे.

नोटरीसमोर सही होणं हे नुसतं शिक्क्याचं काम नाही. नोटरीनं साक्षांकित केलेल्या मुखत्यारपत्राबद्दल न्यायालय असं गृहीत धरतं की ते खरोखर त्याच माणसानं केलं आहे. तो आधार मिळतो म्हणूनच बँका नोटरी मागतात. म्हणून आक्कांनी नोटरीसमोर सही करायची, घरून करून पाठवायची नाही. त्यांना जिने चढवत नव्हते. नोटरी वकील घरी आले. त्यांच्या रजिस्टरात आक्कांची सही झाली, अनुक्रमांक कागदावर आला, प्रत्येक पानाच्या खाली आक्कांची सही, दोघींचे फोटो चिकटवले. निघताना मी रजिस्टरमधला क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक एकदा जुळवून पाहिला. त्याला अर्धा मिनिट लागतो. न जुळणारा क्रमांक नंतर सापडला तर दुरुस्तीला दोन फेऱ्या.

साक्षीदार दोन घेतले: शेजारचे निवृत्त शिक्षक आणि गावातल्या दवाखान्याचे डॉक्टर. भाची, तिचा नवरा, मुलगा यांपैकी कुणीही साक्षीदार नाही. डॉक्टरांकडून त्याच दिवसाचं प्रमाणपत्रही घेतलं: रुग्णा वेळ, जागा व माणसे ओळखतात आणि स्वतःचे व्यवहार समजून निर्णय घेऊ शकतात. कायद्यानं ते सक्तीचं नाही. पण पाच वर्षांनी कुणी म्हणालं की त्या वेळी आक्कांना काही कळत नव्हतं, तर हाच कागद उत्तर देईल.

बँकेच्या साध्या बचत खात्यापुरतं असलेलं मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवणं बंधनकारक नाही. काही शाखा तरी ते मागतात. मागितलं तर दुय्यम निबंधकाला घरी येण्याची विनंती करता येते, त्याला गृहभेट म्हणतात. आधी शाखेत विचारून घ्या, नाहीतर एक काम दोनदा होतं.

आता ते पत्र

हे पत्र आक्कांनी, म्हणजे खातेदारानं लिहायचं. भाचीनं नाही. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही. हातानं लिहिता आलं नाही तर टाइप करून खाली सही. यात मुखत्यारपत्राचा मजकूर पुन्हा उतरवायचा नाही. उतरवला आणि एखादा शब्द बदलला तर दोन कागदांत विसंगती निघते आणि शाखा दोन्ही बाजूला ठेवते. पत्रात फक्त ओळख, तारीख, मर्यादा आणि विनंती.

प्रति,
मा. शाखाधिकारी,
________ बँक, शाखा ________, जि. सातारा.

दिनांक: ________

विषय: बचत खाते क्रमांक ________ वर मुखत्यारामार्फत व्यवहार करण्यास नोंद घेणेबाबत.

महोदय,

मी वरील खात्याची एकमेव खातेदार असून माझे वय ८१ वर्षे आहे. प्रकृतीमुळे मला शाखेत वारंवार येता येत नाही. म्हणून मी दिनांक ________ रोजी माझ्या भावाची मुलगी ________, राहणार ________, हिला माझी मुखत्यार नेमून मुखत्यारपत्र करून दिले आहे. ते नोटरी ________ यांच्याकडील रजिस्टर अनुक्रमांक ________ नुसार साक्षांकित आहे. मूळ मुखत्यारपत्र पाहण्यासाठी सोबत आणले असून त्याची साक्षांकित प्रत आपल्याकडे ठेवावी.

हा अधिकार फक्त वरील बचत खात्यापुरता आहे. माझ्या मुदतठेवी, लॉकर अथवा इतर कोणतेही खाते यात येत नाही. मुखत्यारपत्राबाहेरचा कोणताही व्यवहार मुखत्याराच्या सहीने करू नये.

मुखत्याराच्या तीन नमुना सह्या खाली घेतल्या असून त्या तिच्याच आहेत, हे मी माझ्या सहीने प्रमाणित करते. तिची आधार, पॅन व फोटो यांची कागदपत्रे सोबत जोडली आहेत.

मी स्वतः सही करून व्यवहार करण्याचा माझा अधिकार कायम आहे. खात्याशी जोडलेला माझा मोबाइल क्रमांक बदलू नये. खात्याचे एटीएम कार्ड व नेटबँकिंग मुखत्यारास देऊ नये. दर तीन महिन्यांनी खातेउतारा माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवावा.

हा अधिकार मी लेखी पत्र देऊन आपल्या शाखेची पोच घेईपर्यंत चालू राहील. खातरजमा करावीशी वाटल्यास मला फोन करावा अथवा घरी भेट द्यावी, ही विनंती.

कळावे,

खातेदाराची सही
मुखत्याराच्या नमुना सह्या: १. २. ३.
वरील सह्या माझ्यासमोर झाल्या: खातेदाराची सही

मोबाइल आणि एटीएमच्या ओळी मी मुद्दाम घातल्या. घराघरांत मुखत्यारपत्र नीट होतं आणि मग सोय म्हणून आजीचं कार्ड, पिन आणि फोन सगळंच नातेवाईकाच्या पर्समध्ये जातं. मग मुखत्यारपत्रातल्या "नाहीत" या शब्दाला काय अर्थ राहिला? कार्डानं काढलेले पैसे कुणी काढले हे बँकेला दिसत नाही. स्लिपवर भाचीची सही असेल तर दिसतं. आक्कांच्या बाबतीत फोन आक्कांकडेच राहिला आणि खात्यातून पैसे गेल्याचा संदेश त्यांच्याच फोनवर येतो. वाचता येत नाही, पण टूं वाजलं की त्या भाचीला फोन करतात, "किती काढलंस गं?"

शाखेतला दिवस

पत्र दोन प्रतींत न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि अधिकाऱ्याची सही असलेली पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. सोबत मूळ मुखत्यारपत्र, त्याच्या नोटरीनं साक्षांकित केलेल्या दोन प्रती, भाचीचं आधार आणि पॅन, दोन फोटो, आक्कांचं पासबुक. भाचीचंही केवायसी होतं, जणू तिचंच खातं उघडतंय तसं. बऱ्याच बँकांत कागद कायदा विभागाकडे तपासायला जातात. त्याला काही दिवस लागतात, त्या काळात भाचीच्या सहीनं पैसे निघत नाहीत. म्हणून पुढच्या महिन्याचा पगार आणि औषधं आक्कांनी आधीच काढून ठेवावेत.

आमच्याकडे अधिकारी गावात आले. खाटेजवळ खुर्ची घेऊन बसले. भाचीला चहा करायला सांगून मुद्दाम आत पाठवलं. मग विचारलं, "आजी, हा कागद कशाचा आहे?" आक्का म्हणाल्या, "माझ्या भाचीला पैसं काढायचं लिहून दिलंय. पण ठेवीला हात लावायचा न्हाय, ते माझ्या लेकाला बी म्हाईत हाय." अधिकारी हसले आणि सही केली. मी शाखेत असताना हेच करायचो. नातेवाईक बाजूला असताना "हो हो" म्हणणारा माणूस एकटा बसला की खरं बोलतो. कुणी तुमच्याकडे असा आला तर राग मानू नका, मध्ये उत्तरंही देऊ नका. एक-दोनदा मी अशाच गप्पांतून पाहिलं आहे की खातेदाराला कागदाचा पत्ताच नव्हता, आणि त्या फायली मी परत पाठवल्या.

रोजचा व्यवहार

भाचीनं सही करताना नुसती स्वतःची सही करायची नाही. आधी आक्कांचं नाव, मग "करिता मुखत्यार", मग आपली सही. चेकवर, स्लिपवर, सगळीकडे तसंच. आक्कांची सही गिरवण्याचा मोह काहींना होतो, "तसंही जुळतच नाही" म्हणून. ती खोटी सही ठरते, अधिकार खिशात असताना सुद्धा.

दुसरं, वही. एक दोनशे पानी वही घ्या. तारीख, काढलेली रक्कम, कशाला, बिल चिकटवलेलं. आपल्या मालकाला हिशेब देणं हे कराराच्या कायद्याप्रमाणे मुखत्याराचं कर्तव्य आहे, आणि आक्का गेल्या की हिशेब मागणारा त्यांचा मुलगा असेल. पहिल्या महिन्याची वही अशी होती: सांभाळणाऱ्या बाई ९,०००; औषधं ३,८५०; डॉक्टरांची भेट आणि रक्त तपासणी १,४००; लाइट बिल ६१०; किराणा, दूध, भाजी ५,२००. एकूण २०,०६०. काढले २०,५००, हातात राहिलेले ४४० पुढच्या महिन्याच्या पहिल्या ओळीत. भाची पहिल्यांदा म्हणाली की हे फार झालं. सहाव्या महिन्यात मामे-चुलत नातेवाइकांत कुजबूज सुरू झाली तेव्हा तिनं वही पाटावर ठेवली आणि गप्प बसली.

अधिकार कुठं संपतो

तीन ठिकाणी. पहिलं, आक्कांनी रद्द केला तर. त्यासाठीही पत्रच लागतं, शाखेची पोच घ्यायची, आणि नोटरीकडून रद्दलेख करून मूळ मुखत्यारपत्र परत मागायचं. रद्द केल्याचं बँकेला कळेपर्यंत दिलेल्या पैशांची जबाबदारी बँकेवर येत नाही, त्यामुळे घरी भांडण झालं म्हणजे अधिकार संपला असं समजू नये. त्याच दिवशी शाखेत कागद गेला पाहिजे.

दुसरं ठिकाण फार कमी लोकांना माहीत असतं. खातेदाराची समज गेली की मुखत्यारपत्र संपतं. आपल्याकडे स्मृतिभ्रंश झाला की लोक म्हणतात, "मुखत्यारपत्र आहेच की." नाही. भारतात असं टिकणारं मुखत्यारपत्र नाही जे समज गेल्यावरही चालू राहील. कराराचा १८७२ चा कायदा मृत्यू आणि समज जाणं या दोन्ही गोष्टींनी अधिकार संपवतो. मग उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो, आणि आपल्या सातारा-सांगलीकरांना त्यासाठी मुंबईला जावं लागायचं, ते १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आलं आहे. तरीही खर्चाचं आणि वेळेचं काम. म्हणून मुखत्यारपत्र करायची वेळ म्हणजे माणूस आजचा वार बरोबर सांगतोय ती वेळ.

तिसरं, मृत्यू. इथं माणसं चांगल्या मनानं चुकतात. एका घरी आजोबा पहाटे गेले, आणि सकाळी अंत्यविधीचा आणि पुढच्या दिवसांचा खर्च म्हणून मुखत्यार पुतण्यानं चाळीस हजार काढले. त्यांचेच पैसे, त्यांच्याच कार्याला. पण त्या सकाळी अधिकार उरलेला नव्हता. दहाव्याच्या आधीच मुंबईच्या भावानं बँकेत तक्रार दिली आणि पुतण्याला स्वतःचे पैसे भरावे लागले. खातेदार गेल्या क्षणी स्लिप-बुक बंद. आधी लिहिलेला चेकही बाहेर असेल तर बँकेला कळवा. पुढचे पैसे नामांकन असेल त्याला, बँकेच्या दाव्याच्या अर्जावर मिळतात. म्हणून आक्कांच्या घरी आम्ही आणखी एक गोष्ट केली: नामांकनात मुलाचं नाव आहे ना, हे पासबुकाच्या पहिल्या पानावर पाहून घेतलं. होतं, पण त्यातलं आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं होतं. ते आक्कांनी स्वतः अर्ज करून बदललं. भाचीला तो अधिकार नव्हता.